आधी छेद, मग अंश: कन्फ्युजन मॅट्रिक्सवरचे प्रश्न कसे सोडवायचे

मशीन लर्निंगच्या चाचणीत हा प्रश्न हमखास येतो. चार आकड्यांची एक छोटी चौकट दिलेली असते आणि खाली विचारलेलं असतं: प्रिसिजन किती, रिकॉल किती, अ‍ॅक्युरसी किती? गणित म्हणाल तर दोन बेरजा आणि एक भागाकार. तरीही बॅकप्रॉपगेशनची लांबलचक उदाहरणं बिनचूक सोडवणारी मुलं इथे गुण घालवून बसतात. त्यांचा भागाकार चुकत नाही, अंशही बहुधा बरोबर असतो. चुकतो तो छेद. म्हणून या लेखात सूत्रं पाठ करण्यापेक्षा छेदात कोणाला उभं करायचं, यावरच जास्त वेळ घालवणार आहे.

एक उदाहरण घेऊ. मोबाइलवर येणारे २०० मेसेज एका मॉडेलला दाखवले. मेसेज स्पॅम आहे की साधा, हे त्याने सांगायचं.

| | मॉडेल म्हणालं: स्पॅम | मॉडेल म्हणालं: साधा |
|---|---|---|
| खरोखर स्पॅम | ३० | २० |
| खरोखर साधा | १० | १४० |

आकड्यांना हात लावण्याआधी एकच गोष्ट ठरवायची: इथे ‘पॉझिटिव्ह’ कोण? या शब्दाचा चांगल्या-वाईटाशी संबंध नाही. कोविडच्या काळात ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आला’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं, आणि ते ऐकून कोणी पेढे वाटले नाहीत. आपण जे शोधायला निघालो ते सापडलं, एवढाच त्याचा अर्थ. इथे शोध स्पॅमचा आहे, म्हणून स्पॅम हा पॉझिटिव्ह. प्रश्नात ‘साध्या मेसेजसाठी प्रिसिजन काढा’ असं असेल तर पॉझिटिव्ह बदलतो आणि चारही घरांची नावं बदलतात. प्रश्नातल्या या एका शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारून ठेवा.

चार घरांना नावं देणे

TP, FP, FN, TN ही नावं उजवीकडून डावीकडे वाचायची. दुसरं अक्षर मॉडेल काय म्हणालं ते सांगतं आणि पहिलं अक्षर ते म्हणणं खरं निघालं की खोटं, ते. FN म्हणजे मॉडेल ‘निगेटिव्ह’ म्हणालं आणि ते खोटं ठरलं. म्हणजे तो मेसेज प्रत्यक्षात पॉझिटिव्ह होता, मॉडेलच्या हातून सुटला. FP म्हणजे मॉडेलने ‘पॉझिटिव्ह’ म्हणून बोंब मारली आणि ती खोटी ठरली. दरवेळी हे वाक्य मनातल्या मनात पूर्ण म्हणा. घाईत FN म्हणजे ‘कुठलासा निगेटिव्ह’ असं धरणारे पुढे रिकॉलच्या छेदात TN घालतात.

आपल्या चौकटीत TP = ३०, FN = २०, FP = १०, TN = १४०. आता चौकटीच्या कडेला आडवी आणि उभी बेरीज लिहून टाका. पहिल्या ओळीची आडवी बेरीज ५०, म्हणजे खरे स्पॅम ५०. दुसऱ्या ओळीची १५०. पहिल्या स्तंभाची उभी बेरीज ४०, म्हणजे मॉडेलने ४० मेसेजना स्पॅम म्हटलं. दुसऱ्या स्तंभाची १६०. एकूण २००. या बेरजा लिहायला पंधरा सेकंद लागतात, आणि पुढचे सगळे छेद त्यातच तयार मिळतात.

छेद कोणाचा?

घरी तांदूळ निवडताना काय होतं ते आठवा. आपण खडे शोधतोय, म्हणजे खडा हा पॉझिटिव्ह. निवडून बाजूला टाकलेल्या ढिगात काही खडे असतात आणि नजरचुकीने गेलेले काही दाणेही. त्या ढिगात खरे खडे किती, हा झाला प्रिसिजनचा प्रश्न. मुळात तांदळात होते त्यांपैकी किती खडे बाहेर आले, हा रिकॉलचा. एकाने ढिगाकडे बघायचं, दुसऱ्याने मूळ तांदळाकडे. अंश दोन्हीकडे तोच: हाती लागलेले खरे खडे, म्हणजे TP.

प्रिसिजनचा छेद म्हणजे मॉडेलने ‘हो’ म्हटलेले सगळे, TP + FP. आपल्या उदाहरणात ४०.

प्रिसिजन = ३० / ४० = ०.७५

रिकॉलचा छेद म्हणजे प्रत्यक्षात ‘हो’ असलेले सगळे, TP + FN. इथे ५०.

रिकॉल = ३० / ५० = ०.६०

अ‍ॅक्युरसीचा छेद म्हणजे झाडून सगळे. अंशात दोन्ही प्रकारची बरोबर उत्तरं येतात.

अ‍ॅक्युरसी = (३० + १४०) / २०० = ०.८५

प्रिसिजन आणि रिकॉल यांत TN कुठेच नाही, हे इथेच टिपून ठेवा. १४० च्या जागी १४ लाख साधे मेसेज घातले तरी पहिली दोन उत्तरं तसूभर हलणार नाहीत. अ‍ॅक्युरसी मात्र एकाला जाऊन भिडेल. हा मुद्दा पुढे पुन्हा लागेल.

आता पर्याय देणाऱ्याच्या डोक्यात शिरून बघू. अशा प्रश्नाला ०.७५, ०.६०, ०.८५ आणि ०.८७५ असे चार पर्याय दिलेले असतात. पहिले तीन कुठून आले ते कळलं. ०.८७५ कुठून आलं? १४० / १६० मधून. ज्याने साध्या मेसेजला पॉझिटिव्ह धरलं, त्याच्यासाठी तो सापळा आहे. म्हणजे तुमचं उत्तर पर्यायात सापडलं, एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. नेहमीच्या प्रत्येक चुकीचं उत्तर तिथे आधीच मांडून ठेवलेलं असतं.

चौकट कोणत्या बाजूने वाचायची?

छेद चुकण्याचं सगळ्यात मोठं कारण हे. ओळीत खरी उत्तरं आणि स्तंभात मॉडेलचे अंदाज, की उलट? सगळ्यांनी पाळावा असा एकच रिवाज नाही. पायथनमधली scikit-learn ही लायब्ररी ओळीत खरं आणि स्तंभात अंदाज ठेवते. अँड्र्यू एंग यांच्या ज्या जुन्या ऑनलाइन कोर्सवर अनेकांनी हा विषय पहिल्यांदा शिकला, त्यात याच्या बरोबर उलट मांडणी होती: वर खरं, डाव्या कडेला अंदाज. एका ठिकाणी शिकून दुसरीकडची चाचणी देणाऱ्याची पंचाईत होते ती इथे.

बाजू उलटी वाचली तर नेमकं काय होतं? FP आणि FN यांची अदलाबदल होते, बाकी काही नाही. वरच्या उदाहरणात प्रिसिजन ०.६० आणि रिकॉल ०.७५ येईल. अ‍ॅक्युरसी ०.८५ च राहील, कारण तिला चुका कोणत्या जातीच्या आहेत याच्याशी देणंघेणं नाही. प्रिसिजन आणि रिकॉल यांना एका आकड्यात बसवणारा F1 देखील बदलणार नाही. त्यामुळे अ‍ॅक्युरसी पडताळून ‘माझं वाचन बरोबर आहे’ असा निष्कर्ष काढता येत नाही. ती दोन्ही बाजूंनी बरोबरच येते.

मग चौकटीवर काहीच लिहिलेलं नसेल तर? प्रश्नाचा मजकूर पुन्हा वाचा. ‘२०० मेसेजपैकी ५० स्पॅम होते’ असं वाक्य बहुधा कुठेतरी असतं. ५० ही बेरीज आडवी जुळते की उभी, ते बघा. जिकडे जुळली ती बाजू खऱ्याची. मजकुरातही सुगावा नसेल आणि उत्तर लिहून द्यायचं असेल, तर ‘ओळी म्हणजे खरी वर्गवारी असं गृहीत धरलं आहे’ हे एक वाक्य वर लिहा आणि पुढे जा. प्रामाणिक परीक्षक त्याचे गुण कापत नाही. नुसतेच पर्याय असतील तर दोन्ही बाजूंनी काढून बघा. कधी कधी एकच उत्तर पर्यायात असतं.

दुसरा घोळ क्रमाचा. पाठ्यपुस्तकात TP बहुतेक वेळा डावीकडे वरच्या कोपऱ्यात असतो. scikit-learn मात्र लेबलं चढत्या क्रमाने लावते, म्हणजे ० आधी आणि १ नंतर. तेच २०० मेसेज तिथे असे दिसतात:

```python
from sklearn.metrics import confusion_matrix
cm = confusion_matrix(y_true, y_pred)
print(cm)
# [[140  10]
#  [ 20  30]]
tn, fp, fn, tp = cm.ravel()
```

इथे TP उजवीकडे तळाला गेला. कोडचं आउटपुट दाखवून प्रिसिजन विचारलं आणि तुम्ही सवयीने वरच्या कोपऱ्यातला १४० हा TP धरलात, की १४० / १६० करून पुन्हा ०.८७५ च्या खड्ड्यात.

लेबलं शब्दांत असतील तर क्रम अक्षरांप्रमाणे लागतो. `ham` आणि `spam` मध्ये `ham` आधी, त्यामुळे वरचीच मांडणी टिकते. `no` आणि `yes` मध्येही तेच. पण `cancer` आणि `healthy` असतील तर `cancer` आधी येतो, आणि या वेळी TP वरच्या डाव्या कोपऱ्यात बसतो. म्हणून ‘scikit-learn मध्ये TP नेहमी तळाला’ असं पाठ करणंही धोक्याचंच. शब्दी लेबलं देऊन `precision_score` नुसतंच चालवलं तर ते एरर देतं, कारण ते डीफॉल्टने १ ला पॉझिटिव्ह समजतं. `pos_label="spam"` असं आपणच सांगावं लागतं. आउटपुट काय येईल असं विचारणाऱ्या प्रश्नांत हा मुद्दा मला दोनतीनदा भेटला आहे.

अ‍ॅक्युरसी फसवते तेव्हा

‘अ‍ॅक्युरसी ९६ टक्के आहे, मॉडेल चांगलं आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांना तोंडपाठ असतं: ‘डेटा असमतोल असेल तर नाही.’ पण आकड्यांनी दाखवा म्हटलं की अडखळतात. यासाठी मी नेहमी एक जुनी, खरीखुरी चौकट फळ्यावर मांडतो. मशीन लर्निंगचा जन्म व्हायच्या कितीतरी आधीची, १८८४ सालची.

अमेरिकेच्या लष्कराच्या सिग्नल कोअरमधले जॉन पार्क फिन्ली टोर्नेडोचे, म्हणजे जमिनीवर उतरणाऱ्या चक्री वावटळीचे अंदाज वर्तवत होते. त्यांनी त्या वर्षीच्या आपल्या अंदाजांचा हिशेब प्रसिद्ध केला. एकूण २८०३ अंदाज होते. आजच्या भाषेत मांडायचे तर असे:

| | अंदाज: येईल | अंदाज: येणार नाही |
|---|---|---|
| टोर्नेडो आला | २८ | २३ |
| आला नाही | ७२ | २६८० |

अ‍ॅक्युरसी काढा. (२८ + २६८०) / २८०३ = २७०८ / २८०३, म्हणजे ०.९६६. शंभरात जवळपास ९७ अंदाज बरोबर! यावर त्याच वर्षी टीका झाली. टीकाकारांत ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हे भूवैज्ञानिक होते. टीकेचा रोख साधा होता: एखाद्याने काहीही न बघता रोज ‘टोर्नेडो येणार नाही’ एवढंच सांगितलं असतं तर? मग टोर्नेडो न आलेले सगळे, ७२ + २६८० = २७५२, बरोबर ठरले असते. २७५२ / २८०३ = ०.९८२. म्हणजे हातावर हात ठेवून बसणारा फिन्लींच्या पुढे गेला असता.

आता याच चौकटीचे बाकीचे दोन आकडे काढू. फिन्लींनी ‘येईल’ असं १०० वेळा सांगितलं, त्यातले २८ खरे निघाले: प्रिसिजन ०.२८. प्रत्यक्षात टोर्नेडो ५१ वेळा आला, त्यातले २८ त्यांनी आधी सांगितले होते: रिकॉल २८ / ५१ = ०.५५. हातावर हात ठेवणाऱ्याचा रिकॉल मात्र ० / ५१, शून्य. निम्म्याहून जास्त टोर्नेडोंची आगाऊ सूचना देणारा आणि एकाचीही न देणारा, यांतला फरक अ‍ॅक्युरसीला दिसला नाही. उलट तिने दुसऱ्यालाच शाबासकी दिली. कारण उघड आहे: २६८० चा तो TN दोघांच्याही अंशात बसून बाकी सगळ्याला झाकून टाकतो.

परीक्षेत ‘अ‍ॅक्युरसी इतकी आहे, भाष्य करा’ असं आलं की हीच कृती करा. जो वर्ग संख्येने मोठा आहे, नेहमी त्याचंच नाव घेणाऱ्या आळशी मॉडेलची अ‍ॅक्युरसी काढा. मोठ्या वर्गाची बेरीज भागिले एकूण, इतकंच. मेसेजच्या उदाहरणात ती १५० / २०० = ०.७५ येते. आपलं मॉडेल ०.८५ वर होतं, म्हणजे काहीतरी कमावलं. फिन्लींचं मॉडेल याच फुटपट्टीने तोट्यात दिसतं. दोन वाक्यांचं उत्तर, पण आकड्यासकट.

आणि त्या आळशी मॉडेलचं प्रिसिजन किती? हा प्रश्न खोडसाळ आहे आणि म्हणूनच विचारला जातो. त्याने ‘येईल’ असं एकदाही म्हटलं नाही, म्हणून छेद शून्य. ० / ० ची व्याख्या होत नाही. ‘शून्य’ हे उत्तर गणिताने बरोबर नाही. scikit-learn अशा वेळी सूचना छापून शून्य परत देते, पण ती सोयीसाठी केलेली तडजोड आहे. पर्यायात ‘अव्याख्यायित’ असेल तर तेच निवडा.

उलटा प्रश्न

चौकट देऊन आकडे काढायला लावणं सोपं. थोडे हुशार परीक्षक आकडे देतात आणि चौकट तुम्हाला उभी करायला लावतात. उदाहरणार्थ: ‘१००० जणांची तपासणी केली. त्यांपैकी ४ टक्के आजारी होते. रिकॉल ०.९० आणि प्रिसिजन ०.३० आहे. अ‍ॅक्युरसी किती?’

इथे सूत्रांत x आणि y घालून समीकरणं सोडवू नका. कडेच्या बेरजांपासून आत या. आजारी ४०, निरोगी ९६०. रिकॉलचा छेद आजाऱ्यांचा, म्हणून TP = ४० × ०.९० = ३६, आणि FN = ४. आता प्रिसिजन. त्याचा अंश ३६ आपल्या हातात आहे, छेद काढायचा आहे: ३६ / ०.३० = १२०. म्हणजे चाचणीने १२० जणांना आजारी ठरवलं. त्यातले ३६ खरे, म्हणून FP = ८४. निरोगी ९६० मधून हे ८४ वजा केले की TN = ८७६. अ‍ॅक्युरसी = (३६ + ८७६) / १००० = ०.९१२.

इथली नेहमीची चूक अशी: मुलं ०.३० ला ९६० ने गुणतात, किंवा १००० ने. प्रिसिजनचा छेद अजून आपल्याला माहीतच नाही हे विसरतात. माहीत असलेल्या आकड्याला प्रिसिजनने गुणायचं नसतं. TP ला प्रिसिजनने भागायचं असतं.

चौकट उभी झाली की दोन गोष्टी तपासा. चारही घरांत पूर्ण संख्या आहेत का, आणि एकही ऋण नाही ना? समजा त्याच प्रश्नात प्रिसिजन ०.०३ दिलं असतं. मग ३६ / ०.०३ = १२०० जणांना आजारी ठरवलं असं निघतं. तपासलेच १०००! अशा वेळी एकतर प्रश्न चुकलाय किंवा तुम्ही दशांशचिन्ह चुकीचं उतरवलंय. दुसरी शक्यता जास्त.

याच प्रश्नाचं एक जुळं भावंड आहे, त्यापासून सावध राहा. त्यात प्रिसिजनऐवजी स्पेसिफिसिटी दिलेली असते. स्पेसिफिसिटीचा छेद निरोगी लोकांचा, TN + FP. ती ०.९० असेल तर TN = ९६० × ०.९० = ८६४ आणि FP = ९६. मग प्रिसिजन = ३६ / (३६ + ९६) = ३६ / १३२ = ०.२७. चाचणी आजाऱ्यांना ९० टक्के ओळखते, निरोग्यांनाही ९० टक्के ओळखते, तरी तिने ‘आजारी’ ठरवलेल्या चारांतले जवळजवळ तीन जण धडधाकट. पहिल्यांदा हे उत्तर काढणारा हमखास खोडून परत करतो. खोडू नका, बरोबर आहे. निरोगी इतके जास्त आहेत, की त्यांच्यातले १० टक्केही सगळ्या आजाऱ्यांपेक्षा दुपटीहून अधिक भरतात.

तीन वर्ग आले की

तीन बाय तीनची चौकट बघून घाबरायचं कारण नाही. पण TN कुठे आहे, हे इथे बरेच जण चुकवतात. फळांचे ५० फोटो घेऊ, ओळीत खरं, स्तंभात अंदाज:

| | आंबा | पेरू | चिकू |
|---|---|---|---|
| आंबा | ७ | २ | १ |
| पेरू | ४ | १२ | ४ |
| चिकू | २ | १ | १७ |

पेरूचं प्रिसिजन आणि रिकॉल काढायचं आहे. पेरू पॉझिटिव्ह, बाकी सगळं ‘पेरू नाही’. TP = १२. पेरूच्या ओळीत उरलेले ४ + ४ = ८ हे FN. पेरूच्या स्तंभात उरलेले २ + १ = ३ हे FP. प्रिसिजन = १२ / १५ = ०.८०, रिकॉल = १२ / २० = ०.६०.

TN किती? पुष्कळांचं उत्तर येतं ७ + १७ = २४, कारण कर्णावरची घरं तेवढी ‘बरोबर’ वाटतात. खरं उत्तर २७. आंब्याला चिकू म्हटलेला १ आणि चिकूला आंबा म्हटलेले २, हेही TN मध्ये येतात. आंब्याला चिकू म्हणणं चूकच आहे, पण प्रश्न फक्त पेरूचा आहे आणि ‘हा पेरू नाही’ एवढं तरी मॉडेलने बरोबर सांगितलं. पडताळा घ्या: १२ + ८ + ३ + २७ = ५०. हा पडताळा २४ धरून घेतला असता तर ४७ आले असते आणि चूक तिथेच सापडली असती.

संपूर्ण मॉडेलची अ‍ॅक्युरसी मात्र कर्णावरूनच: (७ + १२ + १७) / ५० = ०.७२.

मग मॅक्रो आणि मायक्रो. मॅक्रो प्रिसिजन म्हणजे तिन्ही वर्गांची प्रिसिजन वेगवेगळी काढून सरळ सरासरी: ७ / १३, १२ / १५ आणि १७ / २२, म्हणजे ०.५३८, ०.८०० आणि ०.७७३, सरासरी ०.७०. मॅक्रो रिकॉल ०.७०, ०.६० आणि ०.८५ ची सरासरी, ०.७२. तो अ‍ॅक्युरसीच्या ०.७२ शी जुळला हा दोन दशांश स्थळांपर्यंतचा योगायोग आहे. तीन स्थळं घेतली तर ०.७१७ आणि ०.७२० वेगळे दिसतात. मायक्रोमध्ये आधी सगळ्या वर्गांचे TP एकत्र, FP एकत्र, मग एकदाच भागाकार: ३६ / (३६ + १४). FP १४ कसे? एकूण चुका १४ आहेत, आणि प्रत्येक चूक कुठल्यातरी एका वर्गासाठी FP असते आणि दुसऱ्या एखाद्या वर्गासाठी FN. म्हणून FN देखील १४. त्यामुळे प्रत्येक फोटोला एकच लेबल असेल आणि सगळे वर्ग मोजले असतील, तर मायक्रो प्रिसिजन, मायक्रो रिकॉल आणि अ‍ॅक्युरसी तिन्ही एकच, इथे ०.७२. हे कळलं की मायक्रोच्या प्रश्नाला कर्णाची बेरीज पुरते.

दशांश आणि F1

गेट परीक्षेत २०२४ पासून डेटा सायन्स आणि आर्टिफिशियल इंटेलिजन्स हा पेपर आहे, आणि गेटमध्ये पर्याय न देता थेट आकडा टाइप करायला लावणारे प्रश्न असतात. तिथे मधल्या पायरीत आकडा गोल करण्याची सवय नडू शकते. F1 साठी प्रिसिजन आणि रिकॉल आधी दशांशात काढून मग त्यांचा हार्मोनिक मीन घेण्यापेक्षा सरळ

F1 = 2TP / (2TP + FP + FN)

हे वापरा. मेसेजच्या उदाहरणात ६० / ९० = ०.६७. फिन्लींसाठी ५६ / १५१ = ०.३७. गोल करायचं ते एकदाच, शेवटी. आणि उत्तर प्रिसिजन आणि रिकॉल यांच्या मधे कुठेतरी, लहान आकड्याकडे झुकलेलं यायला हवं. साध्या सरासरीच्या वर गेलं तर परत बघा.

एक प्रश्न चौकटीशिवायचा

‘थ्रेशोल्ड वाढवला तर प्रिसिजन आणि रिकॉलचं काय होईल?’ थ्रेशोल्ड म्हणजे मॉडेलने ‘हो’ म्हणायला स्कोअर किमान किती हवा, ती मर्यादा. पाठ असलेलं उत्तर: प्रिसिजन वाढतं, रिकॉल कमी होतो. यातला अर्धा भागही पक्का नाही. थ्रेशोल्ड वाढला की मॉडेल कमी वेळा ‘हो’ म्हणतं, म्हणून TP वाढणं शक्यच नाही. रिकॉलचा छेद स्थिर असतो, कारण खरे पॉझिटिव्ह काही थ्रेशोल्डवर अवलंबून नसतात. त्यामुळे रिकॉल घटेल किंवा आहे तिथेच राहील, वाढणार नाही. प्रिसिजनचा मात्र छेदही हलतो, आणि तो कुठे जाईल याची हमी नाही.

तीन मेसेज घ्या. मॉडेलने दिलेले स्कोअर ०.९५, ०.९० आणि ०.८०. पहिला प्रत्यक्षात साधा, उरलेले दोन स्पॅम. थ्रेशोल्ड ०.७० असेल तर तिघांनाही स्पॅम म्हटलं जाईल, प्रिसिजन २ / ३. तो ०.९२ वर नेला तर फक्त पहिला मेसेज पकडला जाईल आणि तो नेमका साधा: प्रिसिजन ० / १. थ्रेशोल्ड वाढवून प्रिसिजन ०.६७ वरून शून्यावर आलं. म्हणून पर्यायांत ‘प्रिसिजन नेहमी वाढतं’ आणि ‘रिकॉल वाढू शकत नाही’ असे दोन्ही असतील तर दुसऱ्यावर खूण करा.

थ्रेशोल्ड ०.९६ वर नेला तर काय, असं एकदा वर्गात कोणीतरी विचारलं होतं. मग कोणालाच स्पॅम म्हटलं जात नाही, आणि आपण पुन्हा त्या ० / ० पाशी येतो.